सॉलिड व स्ट्रँडेड नेटवर्क केबल

इथरनेट जाळ्यात वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या केबलमध्ये पीळ दिलेल्या चार जोड्या, म्हणजे एकूण आठ वाहक असतात. यांतील प्रत्येक वाहक एकाच अखंड तारेचा असल्यास त्या केबलला सॉलिड केबल म्हणतात. तो अनेक बारीक तारा एकत्र पिळून केलेला असल्यास तिला स्ट्रँडेड केबल म्हणतात. भिंतीतून, छताखालून किंवा पाइपातून कायमची टाकली जाणारी केबल सॉलिड असते. भिंतीवरील जॅकपासून संगणकापर्यंत, किंवा पॅच पॅनेलपासून स्विचपर्यंत जोडल्या जाणाऱ्या पॅच कॉर्ड स्ट्रँडेड असतात.

रचना

सॉलिड केबलमध्ये सामान्यतः २३ किंवा २४ गेजची तार असते. २४ गेजच्या तारेचा व्यास सुमारे ०.५१ मिमी भरतो. त्याच गेजचा स्ट्रँडेड वाहक साधारणपणे ०.२ मिमी व्यासाच्या सात तारांचा असतो. तार वाकवली की वळणाच्या बाहेरच्या बाजूचे तांबे ताणले जाते आणि तार जितकी जाड तितका हा ताण अधिक असतो. त्यामुळे एकाच वळणावर सॉलिड तारेवर येणारा ताण बारीक तारेवरील ताणाच्या सुमारे अडीचपट होतो. वारंवार वाकवल्याने तांबे कडक होते व शेवटी तडकते. टेबलाखाली रोज हलणाऱ्या, पायात येणाऱ्या कॉर्डसाठी सॉलिड केबल अयोग्य ठरते ती यामुळेच. भिंतीत मात्र केबल एकदा टाकल्यावर हलत नाही, म्हणून तेथे लवचीकतेचा काही लाभ नसतो.

अंतराची मर्यादा

स्ट्रँडेड केबलमध्ये संकेताचा क्षय अधिक होतो. अमेरिकेतील टीआयए-५६८ या मानकाने २४ गेजच्या कॉर्डसाठी सॉलिड केबलपेक्षा २० टक्के आणि २६ गेजच्या बारीक कॉर्डसाठी ५० टक्के अधिक क्षय धरला आहे. भिंतीतील केबल जास्तीत जास्त ९० मीटर आणि सर्व कॉर्ड मिळून १० मीटर, ही सुपरिचित विभागणी या हिशेबात बसते. कॉर्डचे १० मीटर क्षयाच्या दृष्टीने १२ मीटर सॉलिड केबलइतके होतात आणि एकूण १०२ भरतात. जॅक बसवल्यानंतर कॉर्ड किती लांब चालेल, हे पुढील सूत्राने काढतात.

```
C = (102 − H) ÷ (1 + D)
```

यात H ही भिंतीतील केबलची लांबी, C ही सर्व कॉर्डची मिळून लांबी (दोन्ही मीटरमध्ये) आणि D हा वाढीव क्षय (०.२ किंवा ०.५) असतो. भिंतीत पूर्ण ९० मीटर केबल असल्यास २६ गेजच्या कॉर्डना १२ ÷ १.५, म्हणजे ८ मीटरच मिळतात. भिंतीत ७० मीटरच केबल असल्यास २४ गेजच्या कॉर्ड २६ मीटरपर्यंत आणि २६ गेजच्या २१ मीटरपर्यंत चालू शकतात. घरगुती जोडणीत ही मर्यादा क्वचितच आड येते, तेथे खरी अडचण टोकांच्या जोडणीची असते.

टोकांची जोडणी

जॅक व पॅच पॅनेल यांच्या मागील बाजूस धातूच्या अरुंद खाचा असतात. पंचिंग टूलने वाहक खाचेत दाबला की खाचेच्या कडा आवरण कापून तांब्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. अशा बहुतेक खाचा सॉलिड तारेसाठी घडवलेल्या असतात. स्ट्रँडेड वाहक त्यात दाबल्यास सात तारा पसरून सरकतात आणि पकड हळूहळू ढिली होते.

आरजे-४५ प्लगमध्ये याच्या उलट घडू शकते. स्ट्रँडेड केबलसाठीच्या प्लगचे टोकदार पाते तारांच्या मधोमध शिरते. तेच पाते सॉलिड तारेवर आदळून घसरते. सॉलिड तारेसाठीच्या प्लगचे पाते तिच्या दोन्ही अंगांनी बसते. दोहोंसाठी चालणारे प्लगही मिळतात, परंतु पाकिटावर तसे लिहिलेले पाहूनच ते घ्यावेत.

चुकीची जोडणी पहिल्या दिवशी बहुधा उत्तम चालते आणि साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, कारण तो केवळ वाहक अखंड आहे की नाही एवढेच पाहतो. काही महिन्यांनी कॉर्ड हलवताच जोडणी तुटू लागते. गिगाबिट इथरनेटला चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटला दोन पुरतात. म्हणून ४-५ किंवा ७-८ या जोडीतील संपर्क गेल्यास अनेक उपकरणे जोडणी न तोडता वेग उतरवतात. लिनक्समध्ये `ethtool` या आज्ञेच्या उत्तरात `Speed: 1000Mb/s` ऐवजी `Speed: 100Mb/s` दिसल्यास आधी प्लग तपासावा.

ओळख

आवरणावर SOLID, STRANDED किंवा PATCH असे छापलेले असते. छपाई पुसट असल्यास टोक कापून पाहावे. सॉलिड वाहकात तांब्याचा एकच ठिपका दिसतो, स्ट्रँडेडमध्ये बारीक ठिपक्यांचा झुबका. सॉलिड वाहक वाकवल्यास तसाच वाकलेला राहतो. भिंतीतील केबलचे उरलेले तुकडे दोन्ही टोकांना प्लग लावून कॉर्ड म्हणून वापरण्याची प्रथा बरीच रूढ आहे. असा तुकडा रॅकमध्ये कायम बांधून ठेवल्यास, प्लग योग्य असल्यास, तो टिकतो. लॅपटॉपला लावल्यास बहुधा प्लगच्या तोंडाशीच तार तुटते.