तिरक्या छेदाची कुळकथा

छत्रपती संभाजीनगरातल्या एका हिमरू विणकराची मुलाखत संगणकावर कापायची आहे, असं समजा. मधला अडखळता ‘म्हणजे’ काढला, दोन्ही टोकं जोडली, आणि जोडावर ‘टक्’ वाजलं. डावा तुकडा संपताना लहर +0.2 वर होती, उजवा सुरू होताना -0.1 वर. एका सॅम्पलमध्ये, म्हणजे सेकंदाच्या 44,100व्या भागात, ती 0.3 ने कोसळली. इतक्या अचानक उडीत खर्जापासून अतितीव्र स्वरांपर्यंत सगळं थोडं थोडं मिसळलेलं असतं, म्हणून ती टिचकीसारखी ऐकू येते.

हा आवाज संगणकाच्या फार आधीचा आहे. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीत उमटवलेला असे. जोडावर प्रकाश एकदम बदलला की ठोका बसे, म्हणून तिथे काळ्या शाईचा त्रिकोण रंगवत. आवाज उतरत शांत होई आणि चढत परत येई. ठोका जाई, पण क्षणभराचा आवाजही जाई.

खरी युक्ती आली ती टेपसोबत. रेडिओच्या स्टुडिओत पाव इंची टेप खाचेच्या ठोकळ्यावर ठेवून ब्लेडने कापत, सरळ नव्हे, 45 अंशांत तिरकी. असा जोड हेडवरून जाताना जुना तुकडा टेपच्या रुंदीभर कमी होत जातो आणि त्याच प्रमाणात नवा वाढतो. हाच क्रॉसफेड! पूर्ण रुंदीवर मुद्रण असेल, तर टेप धावते त्या दिशेने मोजलेली छेदाची लांबी टेपच्या रुंदीएवढी, 6.35 मिलिमीटर भरते. सेकंदाला 38 सेंटीमीटर वेगाने ती सुमारे 17 मिलिसेकंदांत सरते, 19 सेंटीमीटरने 33 मध्ये. ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरलं असेल तर मात्र छेद कितीही सुबक असो, ‘टक्’ उरतंच; म्हणून ब्लेडचं चुंबकत्व आधी घालवावं लागे.

आपल्या मुलाखतीत तोच तिरका छेद आकड्यांत करायचा. दोन्ही तुकडे 5 मिलिसेकंद, म्हणजे सुमारे 220 सॅम्पल, एकमेकांवर आणायचे. डावा पूर्ण आवाजापासून शून्यावर, उजवा शून्यापासून पूर्ण आवाजावर; मध्यावर दोघं निम्मे. त्यासाठी कापलेल्या रेषेपलीकडचा आवाज शिल्लक हवा, नाहीतर एकमेकांवर आणायला काहीच नसतं.

लहर शून्यावर असताना कापा, असा सल्ला नेहमी मिळतो. तो मला अपुरा वाटतो. दोन्ही लहरी शून्यावर असल्या, तरी एक चढती आणि दुसरी उतरती असेल तर कोपरा पडतोच. शिवाय स्टिरिओत दोन्ही बाजू एकाच क्षणी शून्यावर सहसा नसतात.

एवढं करूनही हलकीशी ‘धप’ उरली, तर पार्श्वभूमीतली विजेची गुणगुण तपासावी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तिचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. 5 मिलिसेकंदांत त्याचा चौथाईच भाग येतो. तिथे क्रॉसफेड 20 पर्यंत वाढवावा, पण तो शब्दांमधल्या शांत जागेतच. ‘ट’ किंवा ‘क’ वर तेवढा लांब क्रॉसफेड पसरला, तर व्यंजन पुसट होतं किंवा दोनदा उमटतं.