पोपटाचे छायाचित्र-वाचन : पिसे, पिसे उपटणे आणि चोच

पाळीव किंवा जखमी अवस्थेत सापडलेल्या पोपटाच्या छायाचित्रावरून त्याच्या पिसांची स्थिती, स्वतःची पिसे उपटण्याची सवय आणि चोचीचा आकार यांचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीला छायाचित्र-वाचन म्हणता येईल. पक्ष्यांचे जाणकार पशुवैद्य मोठ्या शहरांबाहेर फारसे मिळत नाहीत, त्यामुळे पुष्कळदा पहिली तपासणी पाठवलेल्या छायाचित्रांवरच होते. हे वाचन शक्य होते ते पिसाच्या रचनेमुळे. पूर्ण वाढलेले पीस हा केराटिनचा मृत भाग असतो. एकदा बिघडले की ते सुधारत नाही, गळून नवे येईपर्यंत तसेच राहते. म्हणून आजच्या छायाचित्रात आजचा पोपट जितका दिसतो, तितकेच ते पीस वाढत होते तेव्हाचे दिवसही दिसतात. बिघाड कुठे आहे आणि साधारण केव्हाचा आहे, हे छायाचित्र बऱ्यापैकी सांगते. तो का झाला, हे मात्र ते क्वचितच सांगते. वाचणाऱ्याने हा भेद सतत डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

छायाचित्रे खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात आणि फ्लॅशशिवाय काढावीत. ट्यूबलाइटखाली हिरवा रंग मळकट दिसतो आणि फ्लॅशमुळे चोचीवर खोटी चकाकी येते. ही चकाकी किती फसवी ठरू शकते ते पुढे येईलच. मोबाइल पोपटाच्या तोंडाशी नेला तर चोच आहे त्याहून मोठी आणि लांब भासते. त्यापेक्षा मीटरभर अंतरावरून थोडा झूम करावा. कडा धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा, कारण कुरतडलेल्या पिसाची खरी खूण कडेलाच असते. समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी आणि जमल्यास पंख पसरलेला असताना एकेक छायाचित्र हवे. चोचीचे एक अगदी बाजूने आणि एक अगदी समोरून हवे. आंघोळ केलेल्या पोपटाची पिसे चिकटून मधली कातडी दिसते, ते टक्कल नव्हे. त्याला वाळू द्यावे. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली चार-सहा पिसे पांढऱ्या कागदावर पट्टीशेजारी मांडून त्यांचेही छायाचित्र काढावे. माझ्या मते सगळ्या संचात हेच सर्वांत बोलके असते आणि नेमके तेच बहुतेक जण पाठवत नाहीत.

वाचनाची सुरुवात डोक्यापासून करावी. पोपटाची चोच मानेखाली, छातीवर, मांड्यांवर, पंखांच्या आत आणि पाठीवर पोहोचते, पण स्वतःच्या डोक्यावर पोहोचत नाही. त्यामुळे डोके भरगच्च आणि मानेखालचा भाग उघडा असेल तर पिसे तो स्वतः काढतो आहे, असे मानायला मोठा आधार मिळतो. डोकेही उघडे असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. जोडीदार पिसे ओढत असेल, पक्षी गजांवर डोके घासत असेल, कातडीचा विकार असेल किंवा पुढे सांगितलेला विषाणूरोग असेल. याला काही निरुपद्रवी अपवाद आहेत. पिवळ्या-पांढऱ्या ल्युटिनो कॉकाटिलच्या तुऱ्यामागे जन्मतःच टक्कल असते. मकाव आणि आफ्रिकन ग्रे यांच्या चेहऱ्याची उघडी पांढरी कातडी हीही त्या जातींची नेहमीची ठेवण आहे.

पिसे झडण्याचा हंगाम आणि पिसे उपटणे यांत लोकांची फार गल्लत होते. नैसर्गिक झडतीत पिसे थोडी थोडी आणि दोन्ही बाजूंना सारखी जातात, उघडी कातडी सहसा दिसत नाही. जुन्या पिसांच्या मधून आवरणात गुंडाळलेली टोकदार नवी पिसे डोकावतात. पाळणारे त्यांना पिन फेदर म्हणतात. उपटलेल्या जागी पीस मुळासकट गेलेले असते आणि खालची मऊ लव किंवा गुलाबी कातडी दिसते. कुरतडलेल्या जागी पिसाची दांडी शिल्लक राहते, पण पाते फाटून झिरमिळ्या झालेले असते. कात्रीने कापलेले पंख यांहून वेगळे ओळखू येतात. सगळी उड्डाणपिसे एका सरळ रेषेत तुटलेली दिसतात आणि दांड्यांची टोके सपाट असतात. आपल्याकडे अंगणात सापडलेल्या हिरव्या पोपटाच्या पंखांत अशी रेषा दिसली, तर तो कुणाच्या तरी पिंजऱ्यातून आला आहे हे जवळजवळ नक्की.

कागदावर मांडलेल्या पिसांचे देठ जवळून पाहावेत. आपोआप गळलेल्या पिसाचा देठ कोरडा, स्वच्छ आणि टोकाला मिटलेला असतो. उपटलेल्या पिसाच्या देठाला कधी रक्ताचा वाळलेला ठिपका असतो, कधी देठच चावून चपटा झालेला असतो. वाढते पीस उपटले गेले असेल तर देठ जाड आणि आतून गडद दिसतो, कारण त्यात अजून रक्तपुरवठा चालू होता.

नेहमी आढळणारे एक उदाहरण घेऊ. समजा, फ्लॅटमध्ये एकट्याने राहणाऱ्या प्रौढ आफ्रिकन ग्रेची छायाचित्रे आली आहेत. समोरून पाहता गळ्यापर्यंत खवल्यांसारखी करडी पिसे जागच्या जागी आहेत. तिथून खाली छाती आणि दोन्ही मांड्या उघड्या आहेत. जिथे चोच पोहोचू लागते, नेमकी तिथेच ही सीमारेषा पडली आहे. छातीच्या मध्यभागी करडी लव टिकून आहे, कडेला मात्र ती गेलेली असून कातडी गुलाबी, अखंड आणि खपलीविना आहे. शेपटीची लाल पिसे शाबूत आहेत. कागदावरच्या सहा पिसांपैकी चारांचे देठ चावलेले आहेत. चोच काळी असून तिच्यावर करड्या पुडीचा थर आहे. यावरून पक्षी स्वतःच पिसे उपटतो, हे चालू आहे आणि त्याने अजून कातडीला जखम केलेली नाही, इतके म्हणता येते. छातीवर एकही पिन फेदर दिसत नाही, म्हणजे नवी पिसे फुटताच काढली जात असावीत किंवा मुळे थकली असावीत. उपटलेल्या जागी नवे पीस पुढच्या हंगामाची वाट न पाहता उगवू लागते. मात्र वर्षानुवर्षे उपटत राहिल्यास मूळ कायमचे निकामी होते. म्हणून चार आठवड्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा छायाचित्र काढावे. छातीवर निळसर-करड्या टोकांच्या ओळी दिसल्या तर उपटणे थांबले आहे किंवा निदान मंदावले आहे. यामागे एकटेपणा आहे, कातडीचा संसर्ग आहे, पिंजऱ्याच्या जस्ताची विषबाधा आहे की अंडी देण्याच्या काळातली अस्वस्थता, हे छायाचित्रातून ओळखता येत नाही. त्यासाठी रक्ततपासणी, एक्स-रे आणि घरातल्या दिनक्रमाची चौकशी लागते. ‘कंटाळलाय बिचारा’ असे ठरवून खेळणी आणून देणे आणि तपासणी टाळणे, ही या बाबतीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

शाबूत पिसांमध्येही वाचण्यासारखे बरेच असते. पिसाच्या पात्यावर आडव्या, बारीक, फिकट किंवा पारदर्शक रेघा दिसतात, त्यांना ताणरेषा म्हणतात. पीस वाढत असताना आजार, उपासमार किंवा मोठा धक्का बसला, तर तेवढ्या पट्ट्यात पाते नीट बनत नाही आणि पुढे तिथेच मोडते. पीस टोकाकडून बाहेर येते, त्यामुळे टोकाजवळची रेघ वाढीच्या सुरुवातीची आणि देठाजवळची शेवटची असते. पिल्लाची शेपटी एकदमच वाढते, म्हणून घरट्यात हाल झालेल्या पिल्लाच्या सगळ्या शेपटीवर रेघ एकाच उंचीवर येते. प्रौढ पक्ष्याची पिसे वेगवेगळ्या वेळी येतात, त्यामुळे त्याच्या रेघा जुळत नाहीत.

हिरव्या पोपटाचा हिरवा रंग दोन गोष्टींनी बनतो. पक्षी स्वतः तयार करतो ते पिवळे रंगद्रव्य आणि पिसाच्या सूक्ष्म सच्छिद्र रचनेतून परावर्तित होणारा निळा प्रकाश यांतून तो दिसतो. रचना बिघडली की निळा भाग जातो आणि खालचे काळे रंगद्रव्य उघडे पडते, म्हणून पिसांना काळसर कडा येतात. केवळ सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या किंवा यकृत बिघडलेल्या पोपटात हे दिसते. हाताचे तेल किंवा मलम लागूनही पिसे काळी पडतात, पण ती पिसे एकमेकांना चिकटलेली असतात.

चोच म्हणजे हाडावर चढलेले केराटिनचे आवरण. ते जन्मभर वाढते आणि घासून झिजते. चोचीवरचे थोडे पापुद्रे नेहमीचेच. लांबीचे सर्वसाधारण माप देण्यात अर्थ नाही, कारण ती जातीनुसार बदलते. त्याच पक्ष्याचे वर्षभरापूर्वीचे बाजूने काढलेले छायाचित्र शेजारी ठेवणे हीच खरी तुलना. वरची चोच लांबत असेल आणि तिच्यावर रक्त साकळल्यासारखे गडद डाग असतील, तर विशेषतः बजरीगरमध्ये यकृतात चरबी साठल्याचा संशय घ्यावा. बाजारात आपल्याकडे बजरीगरलाच लव्हबर्ड म्हणतात, हे छायाचित्र मागवताना लक्षात ठेवावे. याच पक्ष्याच्या चोचीच्या कोपऱ्यात आणि नाकपुड्यांभोवती मधाच्या पोळ्यासारखा भुसभुशीत पांढरट थर दिसला, तर ती माइटची खरूज असते. छायाचित्रावरून बऱ्याच खात्रीने ओळखता येणाऱ्या थोड्या विकारांपैकी हा एक आहे आणि तो औषधाने बरा होतो. प्रौढ बजरीगर नराचा नाकपुड्यांभोवतीचा निळा भाग तपकिरी होऊ लागला, तर वृषणात गाठ असू शकते. मादीत मात्र हाच तपकिरी रंग नेहमीचा असतो. वरची चोच एका बाजूला कललेली असेल तर ते फक्त समोरच्या छायाचित्रात कळते. पिल्लू लहान असतानाच पशुवैद्याकडे गेल्यास ती पुष्कळदा सरळ करता येते.

आता चकाकीबद्दल. काकाकुवा, कॉकाटिल आणि आफ्रिकन ग्रे यांच्या अंगावर विशिष्ट पिसांपासून बारीक पूड तयार होते आणि तिच्यामुळे चोच मळकट, भुरकट दिसते. फ्लॅश नसतानाही ती काळी चकचकीत दिसली, तर पूड बनणे थांबले असावे. सोबत डोक्यासकट दोन्ही बाजूंची पिसे गेलेली, नवी पिसे आवरणातच अडकलेली, देठाशी चिमटल्यासारखी अरुंद किंवा गदेसारखी फुगीर असतील, तर चोच-पिसांच्या सर्कोव्हायरस रोगाचा, म्हणजे पीबीएफडीचा, गंभीर संशय येतो. या रोगाचे वर्णन १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील काकाकुवांमध्ये झाले आणि पक्ष्यांच्या व्यापाराबरोबर तो जगभर पसरला. त्यावर खात्रीचा उपचार नाही. विषाणू पिसांची पूड आणि विष्ठेतून पसरतो, बाहेरून ठणठणीत दिसणारा पक्षीही तो बाळगून असू शकतो. त्यामुळे चांगले छायाचित्र हा रोग नसल्याचा दाखला कधीच ठरत नाही.

भारतातील मूळच्या पोपटांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण असून ते पाळणे गुन्हा आहे. असा पोपट जखमी सापडल्यास छायाचित्रे काढून वनविभागाला कळवावे. वाढत्या पिसातून थांबत नसलेले रक्त, कातडीला पडलेली जखम किंवा पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून बसलेला पक्षी दिसला, तर छायाचित्राच्या उत्तराची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे. वाढलेली चोच घरी कापू नये, तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. पीबीएफडीचा निर्णय रक्त आणि पिसांच्या पीसीआर चाचणीनेच होतो. तो अहवाल हाती येईपर्यंत नवा पोपट दुसऱ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा.