जोत्याखालचं औषध

आपल्या इमारतीत पाहुण्यांना दाखवण्यासारखं बरंच आहे, पण तिच्या बांधकामातली एक गोष्ट कोणाच्याच नजरेला पडत नाही. ती आहे फरशीच्या खाली, मुरमाच्या भरावात. 1999 साली जोत्याचा कोबा पडण्यापूर्वी तिथे वाळवीचं औषध मारलं गेलं. पंचवीस वर्षांचा आढावा घेताना या औषधाचा इतिहासही लिहून ठेवावा असं वाटलं, कारण पुढच्या महिन्यात अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत आणि त्या कामाशी याचा थेट संबंध आहे.

औषध नव्हतं तेव्हाही लोक लाकडी घरं बांधतच होते. जुन्या वाड्यांत खांब जमिनीत पुरत नसत. खाली घडीव दगडाचा तळखडा, त्यावर खांब. जोतंही दगडी आणि चांगलं उंच. वाळवी जमिनीतली ओल घेऊन वर येते, उघड्या हवेत ती टिकत नाही, म्हणून वाटेवर मातीचा बोगदा बांधत चालते. तळखड्यावर तो बोगदा दिसतो आणि दिसला की खरवडता येतो. म्हणजे दगड वाळवीला मारत नव्हता, तिला उजेडात आणत होता. कोकणात लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावत, देशावर भिंतीत जाणाऱ्या तुळईच्या टोकाला डांबर फासत. शिवाय लाकूड निवडून घेत. सागाचा तपकिरी गाभा वाळवी सहसा सोडून देते, पण त्याच सागाचा बाहेरचा फिकट भाग आवडीने खाते. ‘सागवानी चौकट आहे, काळजी नको’ असं म्हणणाऱ्याने चौकटीची कड एकदा नीट बघावी.

लाकडात औषध मुरवण्याच्या शास्त्रात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी 1933 च्या सुमारास तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण शोधून काढलं. ‘आस्कू’ या नावाने ते ओळखलं गेलं. बंद टाकीत दाब देऊन ते लाकडात भरलं की आत घट्ट बसतं, पावसाने सहजी धुऊन जात नाही. जगभरचे विजेचे आणि तारांचे खांब या औषधावर टिकले. पुढे आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत 2003 अखेर घरगुती लाकडासाठी त्याचा वापर थांबवण्यात आला.

पण सिमेंटची घरं आली, लाकूड चौकटी आणि कपाटांपुरतं उरलं, आणि संरक्षण लाकडातून जमिनीत गेलं. भारतीय मानक संस्थेने 1971 साली बांधकामापूर्वीच्या उपचाराचं मानक काढलं, क्रमांक 6313, भाग दुसरा. तेव्हाचं आवडतं औषध आल्ड्रिन. तीस टक्क्यांच्या एका भागात 59 भाग पाणी घातलं की दुधासारखं पांढरं मिश्रण तयार होई आणि गवंडी ते उघड्या हातांनी झारीने शिंपडत. ते टिकायचंही भरपूर, आणि हेच त्याच्या मुळावर आलं. जमिनीत आल्ड्रिनचं डील्ड्रिन होतं, ते वर्षानुवर्षं नष्ट होत नाही, माणसाच्या चरबीत साठतं, दुधात उतरतं. अमेरिकेने शेतीसाठी ते 1974 मध्ये बंद केलं, वाळवीसाठी 1987 मध्ये. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात बंदी आली. म्हणूनच आपला पाया खणला तेव्हा ठेकेदाराने आणलेल्या डब्यांवर नाव होतं क्लोरपायरिफॉस. 2001 च्या सुधारित मानकात हेच औषध आहे.

आता काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल. काँक्रीटच्या कॉलमांच्या इमारतीत उपचार जमिनीखाली अर्ध्या मीटरपासून सुरू करतात, कारण त्याखाली घट्ट काँक्रीटच असतं. कॉलम आणि प्लिंथ बीमला लागून माती भरताना, बीमच्या उभ्या पृष्ठाच्या दर चौरस मीटरला साडेसात लिटर मिश्रण त्या मातीत जिरवायचं. मग भराव कुटून झाला की त्याच्या वरच्या पृष्ठावर दर चौरस मीटरला पाच लिटर. भराव घट्ट असल्याने औषध वाहून जाऊ नये म्हणून आधी सळईने वीतभर अंतरावर बोटभर खोल भोकं पाडायची. माती ओली असेल, पाऊस असेल, तर काम करायचं नाही. आणि एकदा मारल्यावर ती माती पुन्हा उकरायची नाही. खालून अखंड चादर व्हायला हवी, नुसते ठिपके नकोत.

आपल्या ‘ए’ विंगचं जोतं वीस मीटर लांब आणि बारा मीटर रुंद, म्हणजे 240 चौरस मीटर. नुसत्या वरच्या पृष्ठाला 1200 लिटर मिश्रण हवं. वीस टक्क्यांचं औषध एक टक्क्यावर आणायचं तर एका लिटरला एकोणीस लिटर पाणी, म्हणजे 60 लिटर मूळ औषध. हा हिशेब साधा आहे, पण फसवणूक इथेच होते. वास सगळीकडे येतो, पांढरं पाणीही दिसतं, पण पाणी किती आणि औषध किती हे डोळ्यांना कळत नाही. त्यावर एकच उपाय, सीलबंद डबे समोर फोडायचे आणि रिकामे मोजून ताब्यात घ्यायचे. आपल्या त्या वेळच्या प्रवर्तक मंडळींनी ते केलं. पाच लिटरचे बारा डबे मोजल्याची नोंद आपल्या जुन्या रजिस्टरात आहे.

तरीही ‘ए’ विंगच्या तळमजल्यावर वाळवी आलीच. इमारत बांधल्यावर दहाएक वर्षांनी ड्रेनेजची लाईन बदलली. भिंतीला लागून चर खणला, आणि नंतर बाहेरून आणलेल्या मातीने बुजवला. त्या मातीत औषधाचा थेंब नव्हता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीएवढी मातीची रेघ चढली. ठोकून पाहिलं तर चौकट पोकळ वाजली, रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत होता. मग बांधकामानंतरचा उपाय करावा लागला. भिंत आणि फरशीच्या सांध्यात फूटभर अंतरावर भोकं पाडून प्रत्येकात लिटरभर मिश्रण, आणि चौकटीत आतल्या बाजूने बारीक तिरकी भोकं पाडून रॉकेलमधलं औषध. चौकटीचा खालचा तुकडा मात्र बदलावाच लागला.

चर नसता खणला तरी ती चादर आज तेवढीच दाट राहिली नसती. क्लोरपायरिफॉस आल्ड्रिनसारखं चिवट नाही, आणि चुनखडीच्या मातीत ते लवकर विघटित होतं. जास्त टिकतं ते माणसाला घातक, कमी घातक ते लवकर संपतं, असा हा व्यवहार आहे. 2013 च्या मानकात बायफेन्थ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड आली. त्यातलं दुसरं वाळवीला जाणवत नाही. तिच्या अंगाला लागतं आणि ती ते वारुळातल्या इतरांपर्यंत नेते.

पेव्हर ब्लॉक बसवताना भिंतीलगतची जमीन पुन्हा उकरली जाणार, आणि एकदा ब्लॉक बसले की तिथे हात घालता येणार नाही. ‘ए’ विंगचा परीघ 64 मीटर. भिंतीलगत फूटभर खोल भोकं वीतभर अंतरावर पाडायची, दर चौरस मीटरला साडेसात लिटर, म्हणजे सुमारे 144 लिटर मिश्रण. क्लोरपायरिफॉस वापरलं तर मूळ औषध सव्वासात लिटर, म्हणजे पाच लिटरचे दोन डबे. आपली पाण्याची टाकी मात्र त्याच बाजूला जमिनीखाली आहे, त्यामुळे तिच्याजवळ औषध मारायचं नाही, तेवढा पट्टा नकाशावर लाल पेन्सिलीने आखून सेक्रेटरींकडे दिला आहे.