बेचाळीस बेचाळीसची कुळकथा

ऑनलाइन पैसे घेणारी वेबसाइट ज्याने कधी बांधली आहे, त्याला 4242 4242 4242 4242 हा कार्ड नंबर बहुधा तोंडपाठ असतो. तो स्ट्राइप या पेमेंट कंपनीचा चाचणीचा नंबर. त्याच्यामागे ना खातं, ना खातेदार. मग फॉर्म तो निमूटपणे स्वीकारतो कसा?

त्याचं मूळ आयबीएमच्या हान्स पीटर लून यांच्यापाशी जातं. लांबलचक आकडे उतरवताना चुका होतात, त्या जागीच पकडाव्यात म्हणून त्यांनी एक हिशेब बसवला. १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६० मध्ये ते मिळालं. उजवीकडून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट दोन अंकी झाली तर तिचे अंक मिळवायचे, मग सगळ्यांची बेरीज. तिला दहाने भाग गेला तर नंबर ग्राह्य. आपल्या नंबरात आठही चार दुप्पट होतात, त्यांचे चौसष्ट, आठ दोनांचे सोळा, एकूण ऐंशी. शेवटचा २ चुकून ३ झाला की एक्याऐंशी होतात आणि फॉर्म तिथेच अडवतो. चारने सुरुवात म्हणजे व्हिसा, तेही जुळतं. चाराच्या पुढे पंधरा एक मांडले तरी बेरीज तीस भरते, म्हणून 4111 1111 1111 1111 हा दुसरा नंबरही बऱ्याच गेटवेंच्या चाचणीत चालतो.

पण नुसत्या नंबराने काम भागत नाही. पैसे खरे की लुटुपुटीचे हे ठरतं किल्लीवरून. स्ट्राइपची चाचणीची गुप्त किल्ली `sk_test_` ने सुरू होते, खरी `sk_live_` ने. आपल्याकडच्या रेझरपेचा की-आयडी `rzp_test_` किंवा `rzp_live_` ने. खऱ्या किल्लीसोबत 4242 टाकलं तर व्यवहार नाकारला जातो.

माझ्या मते खरी किंमत नापास होणाऱ्या कार्डांची आहे, आणि नेमकी तीच वापरायचा कंटाळा केला जातो. 4000 0000 0000 0002 दिलं की कार्ड नाकारलं जातं. शेवटचे चार आकडे 9995 केले की खात्यात पुरेसे पैसे नसल्याचं उत्तर येतं. तेव्हा ऑर्डर अडकते का, ग्राहकाला दुसरं कार्ड देता येतं का, हे डोळ्यांनी दिसतं.

चाचणीत न सापडणारी एक चूक मात्र उरतेच. पैसे जमा झाल्याचा निरोप गेटवे आपल्या सर्व्हरला वेबहुकने पाठवतो आणि त्यावर सही असते. ती तपासायचं गुपित स्ट्राइपमध्ये चाचणीला वेगळं, खऱ्याला वेगळं. लाइव्ह जाताना किल्ली बदलली आणि हे गुपित जुनंच राहिलं, तर ग्राहकाचे पैसे कापले जातात आणि ऑर्डर 'पेंडिंग'च राहते. गेटवेच्या डॅशबोर्डवर व्यवहार यशस्वी, पण वेबहुकच्या नोंदींत ओळीने अपयश, असं दिसलं की समजावं. किल्ली बदलाल तेव्हा हे गुपितही त्याच वेळी बदला.