उचल आणि अतिरिक्त भांडवल (एकल मालकीच्या व्यवसायातील नोंदी)

एकल मालकीच्या व्यवसायातून मालकाने स्वतःसाठी काढून घेतलेली रक्कम, माल किंवा अन्य वस्तू म्हणजे उचल, आणि व्यवसाय चालू असताना त्याने स्वतःच्या खाजगी मिळकतीतून घातलेली भर म्हणजे अतिरिक्त भांडवल. कायद्याने मालक आणि दुकान एकच असले, तरी हिशेबात दोघे वेगळे धरले जातात. त्यामुळे उचल हा खर्च नसतो आणि अतिरिक्त भांडवल हे उत्पन्न नसते.

नोंदी : एका किराणा दुकानदाराचे १ एप्रिल रोजी भांडवल ४,००,००० रुपये होते. वर्षभरातील त्याच्या नोंदी अशा :

१. घरखर्चासाठी दरमहा १५,००० रुपये काढले : उचल खाते नावे, रोख खाते जमा. वर्षाचे १,८०,००० रुपये.
२. दुकानातला १२,००० रुपये खरेदी किमतीचा माल घरी नेला : उचल खाते नावे, खरेदी खाते जमा. ही विक्री नसल्याने विक्री किंमत धरत नाहीत. या मालावर जीएसटीची वजावट घेतली असल्यास ती परत करून उचलीत मिळवावी लागते. येथे ती घेतलेली नाही.
३. स्वतःच्या आयुर्विम्याचा १८,००० रुपयांचा हप्ता दुकानाच्या बँक खात्यातून भरला : उचल खाते नावे, बँक खाते जमा.
४. १ ऑक्टोबरला घरच्या बचतीतून १,००,००० रुपये दुकानाच्या खात्यात भरले : बँक खाते नावे, भांडवल खाते जमा. हीच रक्कम नातेवाइकाकडून परतफेडीच्या बोलीवर दुकानासाठी घेतली असती, तर ती कर्ज खात्यावर जमा झाली असती.

वर्षअखेर उचल खात्याची २,१०,००० रुपयांची बाकी भांडवल खात्याच्या नावे बाजूस नेतात. निव्वळ नफा २,६०,००० रुपये असल्यास अखेरचे भांडवल ४,००,००० + १,००,००० + २,६०,००० − २,१०,००० = ५,५०,००० रुपये होते.

न दिसणारी चूक : विम्याचा हप्ता दुकानाच्या खर्चात टाकला, तर नफा २,४२,००० आणि उचल १,९२,००० रुपये दिसते, अखेरचे भांडवल मात्र ५,५०,००० रुपयेच राहते. तेरीज जुळते, ताळेबंदही जुळतो, पण नफा आणि त्यावर ठरणारे करपात्र उत्पन्न चुकते. घरी नेलेल्या मालाची नोंद राहिली तरी असेच घडते, कारण खरेदी फुगलेली राहते आणि शिल्लक माल कमी भरतो. भाव व मालाचे प्रकार तेच असताना ढोबळ नफ्याचे प्रमाण मागील वर्षापेक्षा घटले, तर ही शक्यता तपासावी. हप्त्यासारख्या रकमा बँकेच्या पासबुकातील प्रत्येक नावे नोंद ताडून सापडतात.

एकेरी नोंद पद्धतीत नफा भांडवलांच्या फरकावरून काढतात : अखेरचे भांडवल + उचल − अतिरिक्त भांडवल − सुरुवातीचे भांडवल. या सूत्रात उचल विसरल्यास वरील दुकानाचा नफा २,६०,००० ऐवजी ५०,००० रुपये येतो, आणि अतिरिक्त भांडवल विसरल्यास ३,६०,००० रुपये.