तळटीप : गुरूवरचा तांबडा डाग

१. तांबडा डाग : गुरूच्या दक्षिण गोलार्धातला हा डाग म्हणजे प्रत्यावर्त, अर्थात मध्यभागी जास्त दाब असलेला भोवरा. त्याच्या उत्तरेला पश्चिमेकडे आणि दक्षिणेला पूर्वेकडे जाणारे वाऱ्याचे जोरदार पट्टे आहेत. दोन तळव्यांमध्ये धरलेली गोळी फिरावी तसा तो त्यांच्यामध्ये घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. कडेला वाऱ्याचा वेग ताशी ४०० किलोमीटरच्या वर जातो. या पट्ट्यांना गती मिळते ती मुख्यतः गुरूच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेमुळे आणि सुमारे १० तासांत पूर्ण होणाऱ्या त्याच्या परिवलनामुळे. पृथ्वीवरचे चक्रीवादळ किनारा ओलांडताच मरते, कारण उबदार समुद्राची वाफ तुटते आणि जमिनीचे घर्षण त्याला थोपवते. गुरूला घन पृष्ठभागच नाही. शिवाय हा डाग वाटेत येणारे लहान भोवरे गिळून त्यांची ऊर्जा घेतो. तरीही तो अक्षय नाही : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची लांबी सुमारे ४०,००० किलोमीटर होती, आता ती १६,००० किलोमीटरच्या आसपास आहे. १६६५ मध्ये कॅसिनीने पाहिलेला डाग हाच, असे मूळ लेखकाने गृहीत धरले आहे; १७१३ नंतर शतकभराहून अधिक काळ त्याची नोंद नसल्याने ते सिद्ध मानता येत नाही. – संपादक