थंडीत धावताना नाही, थांबल्यावर छाती का आवळते?

डिसेंबर-जानेवारीत जळगाव आणि धुळ्यातला पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी नेमके याच दिवसांत पहाटे मैदानावर असतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. काहींच्या बाबतीत धाव नीट पूर्ण होते, पण थांबल्यावर खोकल्याची उबळ येते, छाती आवळते आणि श्वासातून शिट्टीसारखा आवाज येतो.

याला अनेकदा 'स्टॅमिना कमी आहे' असं म्हटलं जातं. पण हा श्वासनलिका आकसण्याचा प्रकार असू शकतो. वैद्यकीय भाषेत त्याला 'एक्सरसाइज इंड्यूस्ड ब्राँकोकन्स्ट्रिक्शन' म्हणतात. दम्याच्या रुग्णांमध्ये तो जास्त दिसतो, पण एरवी दमा नसलेल्या खेळाडूंनाही होतो.

नेमकं काय होतं?

फुप्फुसात खोलवर पोहोचेपर्यंत हवा शरीराइतकी गरम आणि पूर्ण ओलसर व्हावी लागते. एरवी हे काम नाक करतं. जोरात धावताना मात्र आपण तोंडाने श्वास घेतो आणि कोरडी, गार हवा थेट आत जाते.

आता हिशेब पाहू. ३७ अंशांच्या पूर्ण ओलसर हवेत दर घनमीटरला सुमारे ४४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. बाहेर तापमान ८ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर तिथल्या हवेत जेमतेम ५ ग्रॅम असते. उरलेले ३९ ग्रॅम श्वसनमार्गाने पुरवायचे.

१६०० मीटर धावायला ६ मिनिटं लागली आणि मिनिटाला ८० लिटर हवा आत गेली, तर एकूण हवा होते ४८० लिटर, म्हणजे जवळपास अर्धा घनमीटर. तिला ओलं करायला सुमारे १९ ग्रॅम, म्हणजे जवळपास चार चमचे पाणी लागतं. श्वास सोडताना यातलं थोडं परत मिळतं. पण श्वासनलिकेच्या आतला पाण्याचा थर मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाइतका पातळ असतो. तो झपाट्याने आटतो आणि उरलेलं पाणी जास्त खारट होतं.

हा खारटपणा तिथल्या पेशींना डिवचतो. त्या हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ही रसायनं सोडतात आणि नलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात.

दमट हवेत त्रास कमी का?

मुंबईसारख्या ठिकाणी २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर हवेत आधीच सुमारे २२ ग्रॅम वाफ असते. शरीराला पुरवायचं पाणी जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून पोहणाऱ्यांनाही धावणाऱ्यांपेक्षा हा त्रास सहसा कमी होतो.

मोबाइलवर पहाटेची आर्द्रता ८० टक्के दिसली तरी फसू नका. गार हवेत मुळात वाफ मावतेच कमी. ८ अंशांना अगदी १०० टक्के आर्द्रता असली तरी वाफ ८ ग्रॅमच्या आसपासच असते.

नाका-तोंडावर सैलसर रुमाल किंवा मफलर बांधला तर सोडलेल्या श्वासाचा ओलावा कापडात अडकतो आणि पुढच्या श्वासासोबत आत जातो. सरावात याचा उपयोग होतो.

वॉर्म-अपने काय बदलतं?

एकदा श्वासनलिका डिवचली गेली की पुढचा काही काळ ती तितकी तीव्र प्रतिक्रिया देत नाही. बाधित व्यक्तींपैकी साधारण निम्म्या लोकांत हा 'सूट' मिळाल्यासारखा काळ दिसतो आणि तो एक ते दोन तास, कधी त्याहून थोडा जास्त टिकतो.

त्यासाठी नुसतं स्ट्रेचिंग पुरत नाही. १० ते १५ मिनिटांच्या वॉर्म-अपमध्ये हलकं जॉगिंग आणि मध्येमध्ये अर्ध्या मिनिटाच्या वेगवान धावा हव्यात. भरतीत नंबर लागायला तीन-चार तास गेले, तर पहाटेच्या वॉर्म-अपचा हा फायदा संपलेला असू शकतो. नंबर जवळ आल्यावर तो पुन्हा करावा.

साधा दम की हा त्रास?

साधी धाप थांबल्यावर काही मिनिटांत उतरते. श्वासनलिका आकसली असेल तर त्रास थांबल्यानंतर वाढतो, ५ ते १० मिनिटांत सर्वाधिक होतो आणि साधारण अर्ध्या ते एक तासात ओसरतो.

खात्री मात्र लक्षणांवरून होत नाही. डॉक्टर व्यायामाआधी आणि नंतर स्पायरोमेट्री करतात. पहिल्या सेकंदात जोरात फुंकलेली हवा १० टक्के किंवा त्याहून जास्त घटली, तर निदानाला आधार मिळतो. निदान झाल्यावर धावण्याच्या सुमारे १५ मिनिटं आधी इनहेलर घ्यायला सांगितलं जाऊ शकतं. मित्राचा इनहेलर मागून घेऊ नका. तो रोज लागत असेल, तर मुळातला दमा नियंत्रणात नसण्याची शक्यता असते आणि उपचार बदलावे लागतात.

धावताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, ओठ निळसर झाले किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.